नाल्यावरचा दवाखाना आणि एका पानाचा अर्ज

तिला साइटवर सगळे टेपबाई म्हणायचे. पर्समध्ये कंगवा नसेल, पण पाच मीटरची टेप असणारच. मिस्त्री म्हणायचे, बाई आल्या की आधी टेपचा खर्रकन आवाज येतो, मग बाई दिसतात. ऑफिसात मात्र तिला नावानेच हाक मारायचे, आणि हाक बहुधा चिडलेली असायची, कारण ती फार विचारायची. मी त्याच ऑफिसात नकाशे काढायचो. एकवीस वर्षं माझं टेबल तिथे होतं, त्यातली नऊ तिच्या शेजारी. ती मला काका म्हणायची. म्हणून हे सगळं मला माहीत आहे. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते तिने सांगितलं, आणि टेपबाईंना वाढवून सांगायची सवय नव्हती.

गोष्ट सुरू झाली ती एका मासिकावरून. आमच्या धंद्याचं मासिक, दर दोन महिन्यांनी येणारं. त्यात आम्ही बांधलेल्या सरकारी दवाखान्याला बक्षीस मिळाल्याची बातमी होती. चार पानं, गुळगुळीत कागद, सुंदर फोटो. खाली छापलं होतं: रचनाकार म्हणून ऑफिसच्या मालकांचं, म्हणजे आमच्या सरांचं नाव, आणि शेजारी सरांच्या जावयाचं. जावई ऑफिसात आले तेव्हा दवाखान्याच्या खिडक्यांना रंग लागत होता. त्यांनी त्या कामात एक गोष्ट नक्की केली होती, उद्घाटनाच्या पाटीचा दगड निवडला होता.

दवाखाना टेपबाईंचा होता. पहिल्या रेघेपासून शेवटच्या कडीपर्यंत.

मासिक तिने उभ्यानेच वाचलं. वर सर लिहीत होते की इमारतीतली तिरकी रेघ म्हणजे 'जमिनीच्या पोटात वाहणाऱ्या विस्मृत नदीची आठवण' आहे. तिने मासिक माझ्या टेबलावर आपटलं.

"नदी? काका, तो गटाराचा नाला आहे. तुम्ही नाकाला रुमाल लावून उभे होतात."

उभा होतोच. पण तेव्हा मी काही बोललो नाही, आणि हे मला पुढे फार महागात पडलं.

ती तशीच सरांच्या केबिनमध्ये गेली. दार उघडंच होतं. आवाज चढवला नाही, नुसतं विचारलं की माझं नाव का नाही. सर हसून म्हणाले की ऑफिसचं काम ऑफिसच्या नावाने जातं, असं सगळीकडेच असतं. तिने विचारलं, मग जावईबापूंचं नाव कसं गेलं, ते काय ऑफिसचं आडनाव आहे? सर म्हणाले, तू फार मनाला लावून घेतेस. त्यावर ती बाहेर आली, टेबलाचा खण रिकामा केला, राजीनामा हाताने लिहिला आणि जाता जाता माझ्या टेबलावरची स्वतःची स्केलपट्टी उचलली. नऊ वर्षं ती पट्टी मीच वापरत होतो.

ती तेव्हा एकेचाळीस वर्षांची होती. घरात ती आणि तिची आई. आई चौतीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होती. लोकांचे अर्ज, विनंत्या, प्रतिज्ञापत्रं टाइप करून म्हातारी झालेली बाई. बोटं वाकडी झाली होती, पण शब्द तोलायची सवय गेली नव्हती.

पंधरा दिवसांनी टेपबाईंना एका चांगल्या डिझाइन फर्मची जाहिरात दिसली. त्यांना अनुभवी आर्किटेक्ट हवा होता. फोटोंची फाइल नको म्हणाले होते. सोबतच्या पत्रात, एका पानात, एकच काम सांगा: जागेने कुठे अडवलं, आणि तुम्ही काय ठरवलं, का ठरवलं.

तिने दवाखानाच निवडला. दुसरी सात-आठ कामं होती, बिनभांडणाची. एक चांगली शाळा होती. आई म्हणालीही, शाळेबद्दल लिही, सुखाचं काम आहे. पण ती इरेला पेटली होती.

पहिलं पत्र सहा पानांचं झालं. मला तिने ते फोनवर वाचून दाखवलं. त्यातली चार पानं सरांवर होती. एक वाक्य अजून आठवतं: 'ज्या माणसाने साइटवर पायात बूट असताना चिखलात पाय ठेवला नाही, तो आज नदीच्या आठवणी सांगतो आहे.' वाक्य फर्मास होतं. मी म्हटलं, छान आहे. माझं काय जातं म्हणायला.

आईने ते सकाळी चहा घेताना वाचलं. वाचून झाल्यावर चष्मा काढला आणि म्हणाली की कोर्टात असे अर्ज रोज यायचे. साहेब पहिल्या ओळीत रागाचा वास आला की अर्ज बाजूला ठेवायचे. आणि रागावलेला माणूस बहुतेक वेळा खरा असायचा, तरी बाजूला ठेवायचे.

"मग काय करू? गोड लिहू?" टेपबाई म्हणाल्या.

"गोड नको. मापं लिही. तुझ्या रागाला पुरावा लागतो आणि मापाला साक्षीदार लागत नाही."

टेपबाई आईवरही चिडल्या. दोन दिवस घरात नुसतं भांड्यांचं बोलणं चालू होतं. पण तिसऱ्या दिवशी तिने सहा पानं फाडली. मापं लिहायची तर मापं हवीत. नकाशे ऑफिसचे, ते तिला वापरता येत नव्हते, आणि आठवणीवर ती कधी विसंबली नसती. म्हणून ती दुपारी टेप घेऊन दवाखान्यात गेली, रांगेत उभ्या असलेल्या माणसांच्या मधून वाट काढत, आपलीच इमारत पुन्हा मोजायला.

आता ती जागा कशी होती ते सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे.

प्लॉट बारा मीटर रुंद, चाळीस मीटर खोल. पुढे पश्चिमेला रस्ता, आणि रस्त्यापासून मागे जाईपर्यंत जमीन साडेतीन मीटर उतरलेली. मधून पावसाच्या पाण्याचा जुना झाकलेला नाला आडवा गेलेला. नियम असा की नाल्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर पाया घ्यायचा नाही, आणि साफसफाईच्या गाडीला तिथपर्यंत वाट ठेवायची. सर्वेच्या नकाशात नाला सरळ होता. त्यामुळे तिने इमारतीचे दोन भाग केले, एक पुढे, एक मागे, मध्ये नाल्यावर मोकळं अंगण, आणि दोन भागांना जोडणारा पुलासारखा रस्ता. म्हातारी माणसं, गरोदर बायका, खुर्चीवरचे रुग्ण. म्हणून तपासण्याच्या सगळ्या खोल्या एकाच पातळीवर ठेवल्या. रस्त्यापासून फक्त पंचेचाळीस सेंटिमीटर चढ, त्याला साडेपाच मीटरचा उतार पुरला. आत कुठे एक पायरी नाही. जमीन मागे खाली जात होती, ती तिने जाऊ दिली.

मंजुरी मिळाली, खोदकाम सुरू झालं, आणि मागच्या भागाच्या उजव्या कोपऱ्यात कुदळ दगडावर खणकन वाजली. नाला तिथे होता. तो अर्ध्या प्लॉटपर्यंत सरळ येत होता आणि मग वळून मागच्या बाजूला पाच मीटर सरकला होता. नकाशात हे वळण कुणी दाखवलंच नव्हतं. मुकादम म्हणाला, बाई, तुमचा खांब बरोबर नाल्याच्या डोक्यावर येतोय.

सरांना फोन केला. सर म्हणाले, मंजूर नकाशात नाला सरळ आहे ना, मग सरळच आहे; काम चालू ठेव. ती म्हणाली, खांब पोकळीवर येतोय. सर म्हणाले, उद्घाटनाची तारीख ठरली आहे. तिने फोन ठेवला आणि काम थांबवलं. एकोणीस दिवस. त्या एकोणीस दिवसांत मी तिच्यासोबत रोज नकाशे बदलले. ती मागच्या खांबांची ओळ फिरवून नाल्याला समांतर करत होती. तिरकी रेघ ती हीच. खोल्या मात्र तिने काटकोनातच ठेवल्या, कारण तिरक्या भिंतीला तपासणीचं टेबल लागत नाही. खांब तिरके, खोल्या सरळ, म्हणून मध्ये एक तिकोनी जागा उरली. ती तिने बसायला दिली. मागचा भाग आखूड झाला, औषधांचं कोठार बसेना. मग मागे जमीन खाली गेली होती त्या पोटात तिने कोठार घातलं, जमिनीपासून साठ सेंटिमीटर वर, थंड आणि सावलीत.

हे सगळं त्या बाईने ठरवलं. मी पाहिलं.

तर ती त्या दुपारी मोजत होती. तिकोनी जागेत गेली आणि थबकली. बाकं रिकामी होती. दवाखाना गच्च भरलेला, माणसं पुलावर उभी, कोणी जमिनीवर बसलेलं, आणि बाकांवर कुणी नाही. बाकांवर ऊन होतं. बाकांच्या लोखंडी पट्ट्या तापल्या होत्या. दवाखान्यातल्या थोरल्या नर्सबाई तिथून चालल्या होत्या, त्यांना टेप दिसली. त्यांनी विचारलं, मोजायला आलात का? टेपबाई हो म्हणाल्या. नर्सबाईंना वाटलं सरकारकडून कोणी आलंय. त्या सुरूच झाल्या. दुपारी दोननंतर इथे बसवत नाही, एक आजी चक्कर येऊन पडल्या, आम्ही चादरी बांधतो तर वारा सोडत नाही. आणि शेवटी म्हणाल्या, "ज्याने हे बांधलं त्याला एक दिवस इथे बसवा. ताप नसला तरी येईल."

ते बांधणारी मीच, हे टेपबाईंनी सांगितलं नाही. चूक तिचीच होती. पहिल्या नकाशात मागच्या भागावर पुढच्या भागाची सावली पडत होती. मागची ओळ पाच मीटर सरकल्यावर अंतर वाढलं आणि सावली पोचेना. एकोणीस दिवसांच्या घाईत तिने खांब पुन्हा तपासले, पाया तपासला, ऊन तपासलं नाही.

त्या दिवशी ती जी घरी आली ती लालबुंद. सरांवरचा राग निदान बाहेर काढता येत होता. हा कुणावर काढायचा?

तिने पत्र लिहिलं. एक पान. त्यात सर नव्हते, नदी नव्हती, बक्षीस नव्हतं. मी ते नंतर वाचलं. त्यातला एक भाग असा होता:

'खोदकामात कळले की नाला नकाशात दाखवल्याप्रमाणे सरळ नसून अर्ध्यावर वळतो. मी काम एकोणीस दिवस थांबवले. मागील खांबांची ओळ नाल्याला समांतर फिरवली. त्यामुळे उजवीकडे पाच मीटर जागा गेली. प्रतीक्षेची तिकोनी जागा ही या फिरवण्यातून उरलेली जागा आहे, मुळात कल्पिलेली नाही. ओळ सरकवल्यावर मी पश्चिमेच्या उन्हाचा पुन्हा विचार केला नाही. दुपारी दोननंतर तेथे बसता येत नाही. ही चूक माझी आहे.'

आईने वाचलं. बाकी सगळं ठीक, पण शेवटच्या तीन ओळी काढ म्हणाली. नोकरीच्या अर्जात कुणी स्वतःविरुद्ध साक्ष देतं का? टेपबाई म्हणाल्या, तूच म्हणालीस मापं लिही. हेही मापच आहे. पाकिटावर पत्ता मात्र आईने स्वतःच्या वाकड्या बोटांनी लिहिला.

तीन आठवड्यांनी बोलावणं आलं. फर्म चौथ्या मजल्यावर, लांब टेबलं, भिंतीला टाचलेले नकाशे. मुलाखत घ्यायला फर्मच्या मुख्य बाई होत्या, पन्नाशीच्या पुढच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आधी एक गोष्ट सरळ सांगितली. त्यांनी आमच्या सरांना फोन केला होता. सर म्हणाले होते की मुलगी मेहनती आहे, नकाशे स्वच्छ काढते, डिझाइन मात्र आमचं.

टेपबाईंनी मला सांगितलं की कानशिलं तापली, समोरचं पाण्याचं भांडं फेकावंसं वाटलं. तोंडाने एवढंच म्हणाली:

"मग मला बोलावलंत कशाला?"

मुख्य बाईंनी खणातून तेच मासिक काढलं आणि दवाखान्याच्या नकाशाचं पान उघडलं. त्यावर पेन्सिलीने एक गोल केला होता. म्हणाल्या, यात नाला सरळ आहे.

टेपबाईंनी पाहिलं. खरंच, छापलेल्या नकाशात नाला सरळ होता. खांब मात्र बांधल्याप्रमाणे तिरके. तिने तोवर ती चार पानं इतक्या रागाने वाचली होती की नकाशाकडे धड पाहिलंच नव्हतं.

मुख्य बाई म्हणाल्या, "बारा मीटरच्या प्लॉटवर, जिथे औषधं ठेवायला जागा नाही, तिथे कवितेसाठी पाच मीटर कोण टाकून देतं? हा नकाशा खरा असेल तर डिझाइन करणारा मूर्ख आहे. तुमचं पत्र खरं असेल तर नाही. मी काल तिथे जाऊन आले. नाल्याची झाकणं कुठे कुठे आहेत ते मोजलं. नाला वळतो."

मग त्यांनी बाकांबद्दल विचारलं, आता काय कराल? टेपबाईंनी छज्जा सांगितला नाही. पश्चिमेचं ऊन खालून तिरपं येतं, ते छज्ज्याखालून आत शिरतं. तिने उभ्या पट्ट्या सांगितल्या, उत्तरेकडे वळवलेल्या, म्हणजे ऊन अडेल आणि वारा जाईल. बाकं लाकडाची. पट्ट्यांमधलं अंतर विचारलं, तेही सांगितलं. मुख्य बाईंनी एका अंतराला हरकत घेतली. वीस मिनिटं दोघींचं चांगलंच जुंपलं, आणि टेपबाई म्हणतात की त्या सगळ्या महिन्यांत त्यांना तेवढाच वेळ बरं वाटलं.

नोकरी मिळाली. पद मागितलं होतं त्याहून एक पायरी खालचं, सहा महिन्यांनी बघू म्हणून. तिने एकच अट घातली, की नकाशावर काम करणाऱ्याचं नाव असावं. मुख्य बाई म्हणाल्या, सगळ्यांचं छापलं तर नकाशाला जागा उरणार नाही. दोन नावं छापू, मुख्य आणि काढणारा. तिला ते पूर्ण पटलं नाही. तरी सही केली.

त्या संध्याकाळी तिने मला फोन केला आणि विचारलं, मासिकाला जुना नकाशा कुणी दिला? मग मला सांगावं लागलं. जावईबापूंनी मासिकासाठी दोन फायली एकावर एक ठेवून नकाशा बनवायला सांगितला होता. खांब नव्या फायलीतले, नाला मात्र त्यांनी जुन्या फायलीतून उचलला, सरळ रेघ सुबक दिसते म्हणून. प्रिंट मीच काढली. मला चूक तेव्हाच दिसली होती. मी गप्प बसलो. थोडं भीतीने, थोडं असंही वाटलं की जाऊ दे, तोंडघशी पडतील.



"काका, तुम्हाला माहीत होतं. सरांनी मला नकाशे काढणारी म्हटलं तेव्हा तुम्ही केबिनच्या उघड्या दाराबाहेरच होतात. फोन तुमच्यासमोरच झाला असेल."

झाला होता. मी हो म्हटलं. तिने फोन ठेवला आणि पुढे आठ महिने माझ्याशी बोलली नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी त्या बाईच्या हाताखाली एकोणीस दिवस नकाशे बदलले होते, आणि एका वाक्याची साक्ष मला देता आली नाही.

पुढचं थोडक्यात. तिने मासिकाला पत्र लिहिलं, मापांसकट. त्यांनी शेवटच्या पानावर, जाहिरातींच्या खाली, दोन ओळी छापल्या: नजरचुकीने नाल्याची दिशा चुकीची दाखवली गेली. नाल्याची चूक सुधारली. नावाची तशीच राहिली. बक्षीस सरांच्या केबिनमध्ये अजून काचेत आहे. पट्ट्यांचा नकाशा तिने फुकट काढून आरोग्य खात्याला दिला, तिथे तो अकरा महिने एका टेबलावरून दुसऱ्यावर गेला, मग एकदाचं काम झालं. मी वर्षअखेरीस निवृत्त झालो. निरोपाच्या समारंभात सरांनी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. मला त्या खुर्चीत बसवेना.

तिनेच मग एके दिवशी फोन केला, जणू काही झालंच नव्हतं. नव्या ऑफिसात तिचा पहिला नकाशा छापून आला होता. खालच्या चौकटीत तिचं नाव होतं, आणि आडनावात एक अक्षर चुकलं होतं. अकरा ताव छापून झाले होते, साइटवर माणूस वाट पाहत होता, सगळे म्हणत होते पुढच्या वेळी सुधारू.

मी विचारलं, मग काय केलंस?

ती म्हणाली, "परत पाठवले. अकराही."